च, ही, तर, तो: आधीच्या शब्दाला जोडायचे की सुटे ठेवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ सांगा, ‘मीच’ की ‘मी च’?

मीच. जोडून. याला अपवाद नाही, पर्याय नाही. च हा जोर देणारा शब्द मराठीत कधीच सुटा लिहीत नाहीत, आधीचा शब्द नाम असो, सर्वनाम असो, क्रियापद असो नाहीतर अजून काही. तूच, घरच, कालच, हळूच, येतोच, नाहीच, सगळ्यांनाच. ‘सुद्धा’ या अर्थाचा ही पण तसाच जोडून, म्हणजे मीही, तूही, घरीही, आजही. आणि ‘तर’ सुटा, मी तर, तू तर, आज तर.

उत्तर एवढंच हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण खरा गोंधळ ‘मी च’ मध्ये नाहीये, तो ‘ती ही गोष्ट’ आणि ‘त्याच घर’ असल्या ठिकाणी आहे. तिथे नियम पाठ असून भागत नाही, वाक्य बघावं लागतं.

पण जोडायचं का? हिंदीत तर सुटं लिहितात.

हिंदीत ‘मैं ही’, ‘वह भी’, ‘तुम तो’ सगळं सुटं असतं हे खरंय आणि बऱ्याच जणांना सवय तिकडूनच लागते. पण मराठीचा च वेगळा वागतो, आणि हे तुम्ही तोंडाने बोलून बघू शकता.

‘राम’ म्हणा. आपण शेवटचा अ उच्चारत नाही, म वर तोंड बंद होतं. आता ‘रामच’ म्हणा. म मधला गिळलेला अ परत आला की नाही? रा-मच. तसंच घर आणि घ-रच, मूल आणि मू-लच. म्हणजे च ने आधीच्या शब्दाचा उच्चारच बदलला. आता ‘राम तर’ म्हणून बघा, म तसाच बंद राहतो, काही फरक पडत नाही, तर आपला वेगळा उभा आहे. आणि नुसत्या च ला स्वतःचा स्वरही धड नाही, शेवटचा अ आपण बोलत नाही त्यामुळे उरतो फक्त एक व्यंजन, त्याला टेकायला आधीचा शब्द लागतोच.

दुसरी टेस्ट अजून सोपी आहे. ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्याने वाक्य सुरू करता येतं का बघा. ‘तर, मी काय म्हणत होतो’ असं आपण दिवसातून कितीदा म्हणतो. च ने किंवा ‘सुद्धा’वाल्या ही ने वाक्य सुरू करून दाखवा, जमणार नाही. ‘ही माझी बहीण’ हे वाक्य सुरू होतं, पण ती ही वेगळी, तिच्यावर खाली येतोच.

च जोडला की आधीच्या शब्दाचं स्पेलिंग बदलतं का?

नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे कारण इथे ऱ्हस्व-दीर्घच्या बऱ्याच चुका होतात.

आपल्याकडे शब्दाला काहीही चिकटलं की शब्द सहसा आपलं रूप बदलतो. घर + समोर केलं की घरासमोर होतं, मूल + ला केलं की मुलाला. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. पण च, ही, सुद्धा, देखील हे शब्द चिकटतात आणि आधीच्या शब्दाला हात लावत नाहीत. शाळेच्या व्याकरणात यांना म्हणूनच ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ असं नाव आहे. शब्दयोगी म्हणजे शब्दाला जोडून येणारं, आणि शुद्ध म्हणजे ज्याच्यामुळे सामान्यरूप होत नाही असं.

त्यामुळे मूल मधला मू दीर्घ, तर मूलच आणि मूलही मधलाही दीर्घच. मुलाला मधला मु ऱ्हस्व, तर मुलालाच मधलाही ऱ्हस्व. बहीण आहे तर बहीणच, आणि बहिणीला आहे तर बहिणीलाच. लोक ‘बहिणच’ लिहितात कारण शब्द लांबला की आतला इ-उ ऱ्हस्व होतो अशी सवय हाताला लागलेली असते, आणि ती सवय बहिणीला, मुलाला, फुलाला यांच्या बाबतीत बरोबर पण आहे, फक्त च आणि ही त्यात बसत नाहीत. च झाकून आधीचा शब्द एकटा लिहा, तो जसा दिसतो तसाच ठेवा आणि मग च लावा.

प्रत्यय आधी की च आधी?

प्रत्यय आधी, च शेवटी. रामानेच, घरातच, पुण्याहूनच. ‘रामचने’ असं कुणी बोलत नाही. घरासमोर, घरामागे असे लांब शब्द असले तरी च शेवटीच येतो, घरासमोरच.

फक्त एक गंमत आहे. माझ्या, तुझ्या, त्याच्या यांच्यापुढे मुळे, साठी आलं की च मध्ये घुसू शकतो. ‘तुझ्यामुळेच झालं’ पण चालतं आणि ‘तुझ्याचमुळे झालं’ पण लोक म्हणतात. दुसऱ्यात बोट थेट ‘तुझ्या’वर रोखलेलं असतं, त्यामुळे भांडणात तो जास्त ऐकू येतो. लिहिताना दोन्ही सलग लिहायचे, ‘तुझ्याच मुळे’ असं तोडलं की ‘मुळे’ एकटं लोंबकळतं.

‘मी ही’ आणि ‘मीही’ मध्ये नेमका फरक काय?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

मराठीत दोन ही आहेत. एक ‘सुद्धा’ या अर्थाचा, तो जोडून. दुसरी म्हणजे हा-ही-हे मधली ही, ‘ही मुलगी’, ‘ही गोष्ट’, ती पूर्ण शब्द आहे म्हणून सुटी. दिसायला दोन्ही डिट्टो सारखे. वाचणाऱ्याला कळायचा एकच मार्ग म्हणजे मधली जागा.

हे बघा:

तीही गोष्ट विसरली.
ती ही गोष्ट विसरली.

पहिल्यात बाकीचे विसरले होते आणि ती पण विसरली, कुठली गोष्ट ते आधी कुठेतरी आलेलं असणार. दुसऱ्यात ती एकटी आहे आणि विसरली ते नेमकी ही गोष्ट, दुसरी नाही. किंवा ‘तोही चूक कबूल करतो’ आणि ‘तो ही चूक कबूल करतो’, पहिल्यात कबूल करणारे एकाहून जास्त आहेत, दुसऱ्यात एका विशिष्ट चुकीबद्दल बोलणं चाललंय. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, म्हणून स्पेलचेकर यात काही मदत करत नाही, त्याला दोन्ही बरोबरच दिसतात.

शंका आली तर ‘ही’ च्या जागी ‘सुद्धा’ ठेवून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर जोडा. अर्थ बिघडला तर ‘हा’ किंवा ‘हे’ ठेवून बघा, म्हणजे पुढचं नाम बदलून, ‘ती हा प्रसंग विसरली’. हे बसलं तर ही सुटी.

बोलताना हा घोळ होत नाही कारण ‘तीही’ म्हणताना जोर ती वर असतो आणि ‘ती ही गोष्ट’ म्हणताना आपण ही पुढच्या गोष्टीला लावून बोलतो. लिहिताना आवाज नसतो, म्हणून ते काम स्पेसबारकडे येतं.

‘हीही’ असं लिहिलं तर हसल्यासारखं नाही का वाटत?

वाटतं. पण बरोबर तेच आहे. ‘हीही गोष्ट खरी आहे’, पहिली ही म्हणजे हा-ही-हे वाली, दुसरा ही म्हणजे सुद्धा. फारच खटकत असेल तर ‘हीसुद्धा’ लिहा, पण ‘ही ही’ नको, ते खरोखरच हसल्यासारखं वाचलं जातं.

‘मी हि’ असं ऱ्हस्व लिहिलं तर?

नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने 1962 मध्ये स्वीकारले, तेव्हापासून मराठी शब्दाच्या शेवटचा इ आणि उ दीर्घ लिहायचा हे ठरलेलं आहे. आणि, नि हे त्यातले अपवाद. ही त्या अपवादात नाही, त्यामुळे दोन्ही अर्थाचा ही दीर्घच. काही लोक सुद्धा वाला ‘हि’ ऱ्हस्व आणि दुसरी ‘ही’ दीर्घ असा स्वतःचा नियम करून वापरतात. फरक दाखवायची गरज बरोबर ओळखलीय त्यांनी, पण तो दाखवायला मधली जागा आहे, ऱ्हस्व-दीर्घ नाही.

हिंदीतला ‘ही’ आणि मराठीतला ‘ही’ एकच ना?

अजिबात नाही, उलट जवळजवळ विरुद्ध. हिंदीत ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे मराठीत ‘मीच जाईन’, दुसरं कुणी नाही. मराठीत ‘मीही जाईन’ म्हणजे हिंदीतलं ‘मैं भी’, म्हणजे बाकीचे जातायत आणि मी पण. भाषांतर करताना ही चूक झाली की वाक्य व्याकरणात पास होतं आणि अर्थ उलटा होतो, ‘फक्त सदस्यांनाच प्रवेश’ च्या जागी ‘सदस्यांनाही प्रवेश’ झालं तर दारात कोण कोण उभं राहील बघा.

मग ‘तो’ चं काय? तो पण जोर द्यायला वापरतात ना?

हिंदीत वापरतात, ‘मैं तो’, ‘यह तो’. मराठीत त्या जागी ‘तर’ येतो, ‘मी तर’, ‘हे तर’. ‘मी तो जाणार’ असं कुणी लिहिलं तर ते हिंदी वाक्याला मराठी कपडे घातलेलं आहे.

मराठीत तो हा शब्द मुख्यतः हा-तो मधला तो, आणि तो अर्थातच सुटा. त्याशिवाय गोष्ट सांगताना ‘दार उघडतो तो काय, समोर कुणीच नाही’ असं म्हणतात, तिथला तो पण सुटा. पण एक जुन्या वळणाचा तो आहे जो जोडून येतो, ‘मी येईतो थांब’, म्हणजे मी येईपर्यंत. तिथे तो क्रियापदाचा भाग झालाय, ‘येई तो’ असं तोडलं तर वाचणारा ‘तो येई’ असं काहीतरी वाचेल. ‘येईस्तोवर’ मध्ये तोच तो बसलाय, म्हणून तेही सलग. यातला कुठलाच तो जोर द्यायला आलेला नाही हे लक्षात ठेवा.

तर सुटा म्हणता, मग ‘नाहीतर’ जोडून का?

कारण तिथे दोघांचा मिळून एक नवा शब्द झालाय. ‘लवकर ये, नाहीतर मी निघेन’, इथे नाहीतर म्हणजे अन्यथा. पण ‘जमणार नाही, तर आधी सांग’ इथे नाही हा मागच्या वाक्याचा आणि तर हा पुढच्या, म्हणून सुटे, मध्ये स्वल्पविराम पण बसतो. ‘अन्यथा’ ठेवून बघा, बसलं तर जोडा.

तरी चं पण असंच. ‘निदान तू तरी बोल’ सुटं. पण काहीतरी, कोणीतरी, कुठेतरी, कसातरी हे जोडून, कारण काही + तरी मिळून एक अनिश्चित गोष्ट झाली.

‘त्याच घर’ यात चूक काय आहे? च तर जोडलाय.

इथे च जोडायचा प्रश्नच नाहीये, अनुस्वार गेलाय. म्हणायचंय ‘त्याचं घर’, म्हणजे त्याच्या मालकीचं. ‘त्याच’ म्हणजे तेच चं पुढचं रूप, ‘त्याच घरात’ म्हणजे आधी सांगितलं त्या, दुसऱ्या नाही. नेटवर ‘माझ नाव’, ‘त्याच म्हणण’ असं बिनटिंबाचं लिहायची सवय झाल्यापासून मराठीत न बोलावलेले च वाढलेत.

घरच आणि घरचं घ्या. ‘त्याने घरच विकलं’ म्हणजे बाकी काही नाही, थेट राहतं घर. ‘त्याने घरचं विकलं’ म्हणजे घरातलं काहीतरी, सामान, सोनं, काय असेल ते. एका टिंबाने माणूस बेघर होतो.

उलट बाजूने, ‘खरच’ असं लिहितात तिथे मूळ शब्द ‘खरं’ आहे, म्हणून ‘खरंच’, प्रमाण लेखनात ‘खरेच’. तसंच बरंच, तसंच, माझंच, करायचंच. आधी सांगितलेली युक्ती इथेही चालते, च झाकून बघा, मागे जे उरेल त्याला टिंब असेल तर ते राहायला पाहिजे.

एकच, दोन्ही, लगेच, उगाच यात पण च आणि ही आहेत का?

एकच मध्ये उघड आहे. दोन्ही आणि तिन्ही मध्ये ही इतका मुरलाय की अक्षरंच एकमेकांत गेली, तीन मधला ती ऱ्हस्व झाला. चार पासून पुढे मात्र तो वेगळा दिसतो, चारही, पाचही. उगाच, लगेच, मुळीच यातला च आता शब्दाचाच झालाय. नुकताच मध्ये तर च च्या आधीचा भाग लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, नुकताच आला, नुकतीच आली, नुकतेच आले, आणि च आपला शेवटी तसाच. ‘तो येताच’ मधला च पण असाच, तिथे जोर वगैरे काही नाही, अर्थ आहे ‘आल्याबरोबर’. ‘येता च’ लिहिलं की तो अर्थच हरवतो.

‘मीपण’ की ‘मी पण’?

इथे पुस्तकी नियम आणि वापर यांचं पटत नाही. व्याकरणात सुद्धा या अर्थाचा पण हा शुद्ध शब्दयोगी म्हणून दिलेला असतो, म्हणजे जोडायला हवा. पण ‘मीपण’ हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ अहंकार, ‘मीपण सोड’. मोठेपण, लहानपण, वेडेपण हे सगळे त्याच साच्यातले. त्यामुळे ‘मीपण येतो’ वाचताना क्षणभर अडखळायला होतं, आणि बहुतेक लोक ‘मी पण येतो’ असं सुटं लिहितात. माझं मत विचाराल तर साध्या लिखाणात सुटं लिहा आणि परीक्षेत किंवा छापील मजकुरात हा वाद नको म्हणून ‘मीही’ लिहा. सुद्धा आणि देखील मात्र नियमाने जोडूनच, तूसुद्धा, तूदेखील, पण ते सुटे लिहिलेले खूप दिसतात आणि त्यांनी अर्थ बिघडत नाही, म्हणून त्यावर भांडण्यात मी वेळ घालवत नाही. ना आणि की सुटे, ‘येतोस ना’, ‘आलो की’.

एखादा मेसेज दुरुस्त करून दाखवा.

घ्या:

ताई ही आली होती, ती ही गोष्ट विसरली च होती, मला च आठवण करून द्यावी लागली, तू तर फोन च उचलत नव्हतास, शेवटी बाहेरच कोणी तरी येऊन काम करून गेलं

‘ताई ही’ मध्ये सुद्धा बसतं, म्हणून ताईही. ‘ती ही गोष्ट’ इथे थांबा. विसरणारी ताई एकटीच आहे, दुसरं कुणी विसरल्याचा उल्लेख नाही, उलट लिहिणाऱ्याला आठवत होतं. म्हणजे सुद्धा बसत नाही, ही गोष्टीची आहे, सुटी राहू दे. जर आधी ‘मी विसरलो’ असं वाक्य असतं तर हेच ‘तीही गोष्ट विसरली’ झालं असतं. ‘विसरली च’, ‘मला च’, ‘फोन च’ हे तीन न बघता जोडा. ‘तू तर’ बरोबर आहे, हात लावू नका. ‘बाहेरच कोणी तरी’ मध्ये च जोर द्यायला नाही, बाहेरचा माणूस म्हणायचंय, म्हणून टिंब, आणि कोणीतरी सलग.

ताईही आली होती, ती ही गोष्ट विसरलीच होती, मलाच आठवण करून द्यावी लागली, तू तर फोनच उचलत नव्हतास, शेवटी बाहेरचं कोणीतरी येऊन काम करून गेलं.

माहीत असून टाइप करताना च सुटाच पडतो, काय करू?

बऱ्याचदा ही चूक तुमची नसते, कीबोर्डची असते. फोनवर शब्द सुचवला जातो, तुम्ही त्यावर टॅप करता, आणि कीबोर्ड त्याच्यापुढे आपणहून जागा सोडतो. मग तुम्ही च टाइप करता आणि तो एकटा पडतो. टॅप केल्यावर एकदा बॅकस्पेस मारायची आणि मग च, किंवा ‘मीच’ पूर्ण टाइप करून बघायचं, काही कीबोर्ड दोनचार वेळा लिहिल्यावर तो शब्द तसाच सुचवायला लागतात.

लांब मजकूर असेल तर शेवटी फाइंड मध्ये जागा-च-जागा असं शोधा. सुटा च मराठीत शब्द म्हणून येतच नाही, तेव्हा जे सापडेल ते जवळजवळ सगळं चूक, फक्त मजकुरात संस्कृत श्लोक असेल किंवा ‘च हे अक्षर’ असं काही असेल तर ते सोडा, आणि च नंतर स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आलेला असेल तर या शोधात तो सापडत नाही, ते वेगळं बघा. जागा-ही-जागा मात्र शोधून सरसकट रिप्लेस करू नका, ‘ती ही गोष्ट’ आणि ‘ती ही मुलगी’ सगळं एका झटक्यात चिकटेल, तिथे एकेक वाचतच पुढे जावं लागतं.